गच्चीवरच्या इन्सुलेशनला बोर्ड किती लागतील? खाचेचा ओव्हरलॅप आणि कटिंगची नासाडी धरून हिशेब

उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या खोल्या भट्टीसारख्या तापतात म्हणून गच्चीवर एक्सपीएस या कडक फोमचे बोर्ड टाकून वर कोबा करून घेण्याचं प्रमाण विदर्भ-मराठवाड्यात बरंच वाढलंय. दुकानदार विचारतो, "किती स्क्वेअर फूट?" आपण गच्चीचं क्षेत्रफळ सांगतो, तो एका बोर्डाच्या क्षेत्रफळाने भागतो, वर पाच-दहा टक्के चढवतो आणि आकडा लिहून देतो. मग शेवटच्या दोन ओळी राहिलेल्या असताना माल संपतो. वॉटरप्रूफिंगचा थर उघडा पडतो, गवंड्याची मजुरी चालू राहते आणि चार बोर्डांसाठी टेम्पोचं भाडं वेगळं भरावं लागतं.

चूक भागाकारात नसते. क्षेत्रफळाला दोन गोष्टी दिसतच नाहीत: बोर्डाच्या कडेची खाच किती जागा खाते, आणि कापलेला तुकडा पुढे कुठे बसतो किंवा बसत नाही. म्हणून बोर्ड क्षेत्रफळावर मोजू नयेत, ओळींवर मोजावेत. तासाभराचं काम आहे आणि कागद, पेन्सिल, टेप एवढंच लागतं.

उदाहरणासाठी अकोल्यातल्या एका बंगल्याची गच्ची धरू. कठड्याच्या आतून माप ९.१५ × ७.०५ मीटर. एका कोपऱ्यात जिन्याची खोली. स्लॅबवर वॉटरप्रूफिंग झालंय, कठड्याच्या पायथ्याशी वाटा, म्हणजे सिमेंटचा गोलसर उतार, मारलाय, पाण्याची टाकी जिन्याच्या खोलीवर आहे. वर ५० मिमी जाडीचे एक्सपीएस बोर्ड अंथरायचे आहेत आणि त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड आणि जाळीचा कोबा येणार आहे.

आधी एक बोर्ड हातात घ्या

आपल्याकडे एक्सपीएसचा नेहमीचा बोर्ड १२५० × ६०० मिमी, म्हणजे पाऊण चौरस मीटर. गच्चीसाठी घेताना चारही कडांना पायरीसारखी खाच असलेला घ्यावा. दुकानात त्याला शिप-लॅप म्हणतात. बोर्डाच्या दोन लगतच्या कडांना खालची निम्मी जाडी बाहेर आलेली असते, उरलेल्या दोन कडांना वरची निम्मी. शेजारचे बोर्ड एकमेकांवर बसतात, सांधा सरळ आरपार राहत नाही, त्यामुळे उष्णता आणि कोब्याचं पाणी तिथून थेट खाली जात नाही. सपाट कडेचे बोर्ड थोडे स्वस्त पडतात, पण त्यांच्या सांध्यात थोडी जरी फट राहिली तरी ती खालपर्यंत जाते. एकाच थरात काम करायचं असेल तर मी खाचेचेच घ्यायला सांगेन.

ही खाच साधारण १५ मिमी रुंद असते. म्हणजे बोर्ड १२५० × ६०० चा असला तरी शेजाऱ्याशी जोडल्यावर तो १२३५ × ५८५ एवढीच जागा झाकतो. चौरस मीटरमध्ये ०.७५ ऐवजी ०.७२२५. पावणेचार टक्के जागा इथेच गेली, अजून कटर हातात घेतलेलासुद्धा नाही.

काही कंपन्या खाच सोडून माप सांगतात. त्यांचा बोर्ड प्रत्यक्षात १२६५ × ६१५ निघतो आणि झाकतो पूर्ण १२५० × ६००. पत्रकावर दोघांचंही माप १२५० × ६०० असंच लिहिलेलं असतं. म्हणून दुकानात जाऊन एका बोर्डाला टेप लावा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि खाचेची रुंदी वेगळी. पुढचा सगळा हिशेब या दोन मापांवर उभा आहे. खाली मी पहिला प्रकार धरलाय: एकूण माप १२५० × ६००, खाच १५. तुमची मापं वेगळी निघाली तर पद्धत तीच, आकडे नव्याने काढायचे.

गच्चीचं माप कुठून कुठे घ्यायचं

कठड्यापासून कठड्यापर्यंत नाही. बोर्ड सपाट जागेवर बसतो आणि कठड्याला चिकटून वाट्याचा गोळा असतो. माप वाट्याच्या पायथ्यापासून समोरच्या वाट्याच्या पायथ्यापर्यंत घ्यावं. आपल्या गच्चीत वाटा दोन्ही बाजूंना ५० मिमीचा आहे, म्हणून बोर्डांसाठी जागा ९.०५ × ६.९५ मीटर. जिन्याची खोली, तिचा वाटा धरून, ४.५५ × २.६० मीटर जागा अडवते. मोकळी जागा उरते ५१.०७ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ५५० स्क्वेअर फूट.

प्रत्येक बाजूचं माप तीन ठिकाणी घ्या आणि सर्वांत मोठं धरा. कठडे क्वचितच काटकोनात असतात. ते बघायला कर्ण मोजा. ९.१५ × ७.०५ ची गच्ची चौकोनी असेल तर दोन्ही कर्ण ११.५५ मीटरच्या आसपास येतील. दोघांत दोन-तीन सेंटीमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर एका कठड्याला लागून प्रत्येक ओळीचं टोक तिरकं कापावं लागणार, आणि तिरका तुकडा सहसा दुसरीकडे बसत नाही. अशा गच्चीला शेवटी जादा बोर्ड थोडे वाढवून घ्या.

याच फेरीत जिन्याच्या दाराचा उंबराही बघून घ्या. ५० मिमी बोर्ड, वर ५०-६० मिमीचा कोबा आणि फरशी धरली तर गच्ची सवाशे मिमीहून जास्त वर येते. उंबरा तेवढा उंच नसेल तर पावसाचं पाणी जिन्यात येईल, आणि तेव्हा बोर्डांची जाडी बदलायची की उंबरा उचलायचा हे ऑर्डर देण्याआधीच ठरवावं लागेल.

ओळी किती

बोर्डाची लांब बाजू गच्चीच्या ९.०५ च्या दिशेने ठेवू. मग ओळी ६.९५ च्या दिशेने एकापुढे एक सरकत जातात. प्रत्येक ओळ ५८५ मिमी पुढे सरकते, फक्त शेवटच्या ओळीपुढे कुणी नसतं म्हणून तिची खाचही जागा झाकते. म्हणून एकूण मापातून आधी १५ वजा करायचे आणि मग भागायचं:

(६९५० − १५) ÷ ५८५ = ११.८५, म्हणजे १२ ओळी.

बारावी ओळ ११ × ५८५ = ६४३५ मिमीवर सुरू होते, म्हणून तिची रुंदी ६९५० − ६४३५ = ५१५ मिमी. तिच्या प्रत्येक बोर्डातून ८५ मिमीची पट्टी कापून जाईल. ती कचराच.

इथे ६०० ने भागलं असतं तरी १२च ओळी आल्या असत्या, त्यामुळे खाचेने काही बिघडलं नाही असं वाटेल. पण हीच गच्ची ७.१० मीटरची असती तर ६०० ने भागून १२ ओळी आल्या असत्या आणि प्रत्यक्षात लागल्या असत्या १३. तेराव्या ओळीला उरते फक्त ८० मिमीची पट्टी. एक अख्खी ओळ कमी पडते ती अशी. शिवाय ८० मिमीची पट्टी पायाखाली हलते आणि तिच्यावरचा कोबा तडकतो. असं निघालं तर पहिली ओळही कापून घ्यायची. दोन्ही कडांना ३४०-३४० मिमीच्या ओळी येतात. बोर्ड तेवढेच लागतात, काम पक्कं होतं.

एका ओळीत किती, आणि तुकडा कुठे जातो

नासाडी किती होणार ते इथेच ठरतं, म्हणून या भागात घाई करू नका.

पहिली ओळ डावीकडून सुरू करा. सात अख्खे बोर्ड ७ × १२३५ = ८६४५ मिमी झाकतात. उरले ४०५. आठव्या बोर्डातून ४०५ मिमीचा तुकडा कापून उजव्या कठड्याला बसवला की हातात ८४५ मिमीचा तुकडा राहतो.

हा तुकडा दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला जातो. कापलेली कड डाव्या कठड्याकडे, कारखान्याची खाच उजवीकडे, पुढच्या बोर्डाला जोडायला. खाचेचे १५ सोडून तो ८३० झाकतो. पुढे सहा अख्खे बोर्ड, एकूण ८२४०. उरले ८१०, ते नव्या बोर्डातून कापायचे. हातात ४४० चा तुकडा.

तिसरी ओळ त्या ४४० ने सुरू होते, झाकते ४२५. पुढे सहा अख्खे बोर्ड, एकूण ७८३५. उरले १२१५. एक बोर्ड फक्त ३५ मिमी कापून बसतो. फेकायला ३५ मिमीची चिपटी.

तीन ओळींना नवे बोर्ड ८ + ७ + ७ = २२, आणि वाया गेलं जवळजवळ काहीच नाही. चौथ्या ओळीपासून हाच क्रम पुन्हा. वर एक फायदा फुकट मिळतो: प्रत्येक ओळीचे सांधे आधीच्या ओळीपासून ४०० मिमीच्या आसपास सरकतात, विटांच्या कामात हवे तसे.

पण हे सगळं एका अटीवर चालतं. प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू झाली पाहिजे. पुष्कळ गवंडी पहिली ओळ डावीकडून उजवीकडे लावतात आणि चालणं वाचवायला दुसरी उजवीकडून डावीकडे परत आणतात. मग हातातला तुकडा उजव्या कठड्याला लावावा लागतो. तिथे त्याची खाच कठड्याकडे जाते आणि कापलेली सपाट कड सांध्याकडे येते. जमवायला गवंडी तो फिरवून बघतो. फिरवल्यावर वरच्या खाचेसमोर वरचीच खाच येते, बोर्ड बसत नाही. शेवटी तो तुकडा बाजूला टाकतो आणि नवा बोर्ड कापतो. असं झालं तर प्रत्येक ओळीला आठ बोर्ड लागतात आणि तीन ओळींना २२ ऐवजी २४. गच्चीवर कोपऱ्यात ८०० मिमीच्या तुकड्यांचा ढीग साठू लागला की समजायचं, ओळींची दिशा उलटसुलट चाललीय. तिथल्या तिथे थांबवा.

आणखी एक मर्यादा पाळा: ३०० मिमीहून लहान तुकडा ओळीच्या टोकाला बसवू नका. हिशेबात असा तुकडा येत असेल तर त्या ओळीच्या सुरुवातीचा तुकडा थोडा कापून लहान करा, म्हणजे शेवटचा मोठा होतो.

जिन्याच्या खोलीपाशी

जिन्याची खोली उजव्या हाताला, वरच्या कोपऱ्यात आहे. खालून मोजलं तर ६९५० − २६०० = ४३५० मिमीपर्यंत ओळी पूर्ण लांबीच्या आहेत, त्यानंतर ४५०० मिमी लांबीच्या.

आठवी ओळ ४०९५ वर सुरू होते आणि ४६९५ वर संपते, म्हणजे ती जिन्याच्या भिंतीत घुसते. तिच्या डाव्या भागात बोर्ड पूर्ण रुंदीचे, उजव्या भागात फक्त २५५ मिमी रुंद. ही ओळ क्रमातली दुसरी आहे, ८४५ च्या तुकड्याने सुरू होणारी. तिचे सांधे मोजत गेलं तर एक सांधा ४५३५ मिमीवर येतो आणि भिंतीचा कोपरा आहे ४५०० वर. म्हणजे कोपऱ्यावरच्या बोर्डातून ५० मिमी रुंदीचा छोटा तुकडा कापला की झालं, आणि त्याच्या पुढचे चार नग, तीन अख्खे आणि एक ८१० मिमीचा, लांबीत चिरून २५५ रुंद करायचे.

इथे लगेच डोक्यात येतं की ६०० च्या बोर्डातून २५५ च्या दोन पट्ट्या निघतात, मग चार नगांना दोनच बोर्ड पुरतील. निघतात खऱ्या, पण दुसऱ्या पट्टीची खाच चुकीच्या कडेला असते. ती पालथी घातली तर लांब कडेची खाच जुळते, मात्र दोन्ही टोकांच्या खाचा उलट्या होतात आणि सुलट्या पट्टीशी जिथे गाठ पडते तिथे सपाट कापून टेप लावावी लागते. दोन बोर्डांच्या बचतीसाठी जिन्याच्या भिंतीलगत, जिथे पाणी साचायची भीती असते तिथे, असा सांधा मी ठेवणार नाही. उरलेल्या ३४५ मिमीच्या पट्ट्या राखून ठेवा, पाइपांच्या तोंडाशी कामाला येतात.

तर पूर्ण लांबीच्या आठ ओळी: पहिल्या तीन २२, पुढच्या तीन २२, सातवी ८, आठवी ७. एकूण ५९.

नववी ते बारावी या आखूड ओळी ४५०० मिमीच्या. नवव्या ओळीत तीन अख्खे ३७०५ झाकतात, चौथ्यातून ७९५ कापायचे, उरतो ४५५. दहावी ४५५ ने सुरू, तीन अख्खे, मग ३५५ चा तुकडा, उरतो ८९५. अकरावी ८९५ ने सुरू, दोन अख्खे, मग ११५० चा तुकडा. बारावी पुन्हा नव्याने, चार बोर्ड, रुंदी ५१५. नवे बोर्ड ४ + ४ + ३ + ४ = १५.

एकूण ५९ + १५ = ७४ बोर्ड.

आता दुकानातला भागाकार करून बघा. ५१.०७ ला ०.७५ ने भागलं तर ६९ येतात. पाच टक्के चढवून ७२. दोन्ही कमी पडले असते. दहा टक्क्यांनी ७५ आले असते, ते पुरले असते, पण ते या गच्चीच्या मापांमुळे. ७.१० मीटरच्या गच्चीत एक ओळ वाढते आणि क्षेत्रफळ मात्र तीन टक्क्यांहूनही कमी वाढतं. ७४ बोर्डांतून खाचेला गेले साधारण पावणेतीन आणि कटिंगला सव्वातीन. कटिंगची नासाडी कमी राहिली ती तुकडे पुढच्या ओळीत गेले म्हणून.

बोर्ड उभे, म्हणजे लांब बाजू ६.९५ च्या दिशेने ठेवूनही हिशेब करून बघावा. या गच्चीत तसे ७५ लागतात आणि शेवटची ओळ २७५ मिमीची अरुंद पट्टी होते. म्हणून आडवेच बरे. पण ही दिशा दर गच्चीला वेगळी निघते. दोन्ही करून बघायला अर्धा तास पुरतो.

काय वजा करायचं नाही

पावसाच्या पाण्याच्या पाइपांची तोंडं, डिशचा पाया, सोलरच्या स्टँडचे छोटे कट्टे. अर्ध्या बोर्डाहून लहान असलेलं काहीही वजा करू नका. बोर्डातून तेवढा चौकोन कापला जातो, पण बोर्ड अख्खाच लागतो आणि कापलेला चौकोन कुठेच बसत नाही. जिन्याच्या खोलीसारखी मोठी जागा वजा करायची, तीही क्षेत्रफळातून नाही, वर केली तशी ओळीओळीने.

कठड्याच्या कडेची खाच काही गवंडी कापून टाकतात, कड सरळ दिसावी म्हणून. त्याने ओळ १५ मिमी मागे येते. आपल्या गच्चीत शेवटची ओळ ५१५ ची ५३० होते आणि तिसऱ्या ओळीचा शेवटचा तुकडा १२१५ चा १२३०, म्हणजे बोर्ड तेवढेच लागतात. तुमच्या हिशेबात एखादा शेवटचा तुकडा १२३५ च्या वर असेल, तर मात्र खाच न कापायचं आधीच ठरवून घ्या, नाहीतर प्रत्येक तीन ओळींना एक बोर्ड वाढेल.

तुटफूट आणि बंडल

एक्सपीएस वजनाला हलका आणि दाबाला कणखर असतो, पण ५० मिमीच्या बोर्डाची खाच म्हणजे २५ मिमी जाडीची ओठासारखी कड. बोर्ड जिन्यातून वर नेताना भिंतीला घासला, किंवा गच्चीवर कोपऱ्यावर उभा टाकला, की ही कड तुटते. तुटलेला बोर्ड फेकायचा नाही, ओळीच्या टोकाला कापून लावायचा, तुटका भाग कठड्याकडे. तरीही दोन बोर्ड जादा धरा. ७६.

बोर्ड बंडलात येतात आणि बंडलात किती ते जाडीवर ठरतं, म्हणून बंडलवरचा आकडा वाचा. आठचं बंडल असेल तर ७६ ला साडेनऊ बंडलं होतात. सुटे बोर्ड मिळत असतील तर नऊ बंडलं आणि चार सुटे घ्या. मिळत नसतील तर दहा बंडलं घ्या आणि न फोडलेलं बंडल परत घेण्याचं बिलावर लिहून घ्या. दर चौरस मीटरवर असेल तर तो १२५० × ६०० वर लावलाय हे विसरू नका. तुम्ही पैसे ७६ × ०.७५ = ५७ चौरस मीटरचे देताय आणि झाकताय ५१. दोन दुकानांचे दर ताडताना एकाचा बोर्ड खाच धरून मापलेला आणि दुसऱ्याचा खाच सोडून असेल, तर स्वस्त वाटणारा महाग निघू शकतो.

माल आल्यावर तो गच्चीवर उन्हात काळ्या प्लास्टिकखाली झाकून ठेवू नका. एक्सपीएस साधारण ७५ अंशांपर्यंतच आकार टिकवतो, आणि मे महिन्यातल्या गच्चीवर काळ्या कागदाखाली तेवढं तापायला वेळ लागत नाही. वाकलेल्या बोर्डाची खाच शेजाऱ्यावर टेकत नाही, मग मोजून आणलेले ७६ सुद्धा पुरत नाहीत. पांढरी ताडपत्री घाला किंवा जिन्यात ठेवा. तसंच वॉटरप्रूफिंगवर सॉल्व्हंटचा प्रायमर मारला असेल तर तो पूर्ण सुकल्याशिवाय बोर्ड टाकू नका, खालचा भाग विरघळून खड्डे पडतात.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी वॉटरप्रूफिंगवर खडूने ओळींच्या रेघा मारून घ्या: पहिली ६०० वर, पुढच्या प्रत्येक ५८५ वर. बाजूला ओळीचा आकडा आणि सुरुवातीच्या तुकड्याचं माप लिहा, "२ – ८४५", "३ – ४४०". गवंड्याला हिशेब समजावून सांगायची गरज राहत नाही, आणि सातव्या रेघेपासून जिन्याच्या भिंतीपर्यंत २४० मिमी, म्हणजे खाचेचे १५ धरून २५५, उरतात की नाही हे एकही बोर्ड न कापता टेपने बघता येतं.